महिन्यातून दोनदा, पाऊण तास

तंत्रनिकेतनाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत माजी विद्यार्थी संघाचं कार्यालय होतं आणि त्या कार्यालयात एकतीस वर्षं एकच बाई बसत होत्या. आल्या तेव्हा त्या टंकलेखक होत्या. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, हुद्द्याचं नाव दोनदा बदललं, पण बाई त्याच. कुठलाही कागद टाचणी लावल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही ही त्यांची सवय, म्हणून मुलांनी कधीतरी त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलं आणि ते नाव एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिलं. बाईंना ते ठाऊक होतं. नाव टोचरं असलं तरी खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

मनाला लागायची ती दुसरीच गोष्ट. संघाच्या सहा हजार माणसांपैकी निम्म्यांचे पत्ते, बदललेल्या नोकऱ्या, मोडलेले साखरपुडे त्यांना तोंडपाठ होते. पण त्या स्वतः माजी विद्यार्थिनी नव्हत्या. वडील पुस्तकं बांधायचे. थोरली मुलगी नर्सिंग शिकून बाहेर पडली, आणि धाकटीची पाळी आली तेव्हाच वडिलांचा उजवा हात कागद कापायच्या यंत्रात सापडला. धाकटीने प्रवेशाचा अर्ज भरला होता, तो तसाच राहिला. तिने टायपिंग शिकून घेतलं आणि काही वर्षांनी ज्या इमारतीत शिकायचं होतं तिथेच कामाला लागली. लग्नाचं दोन-तीनदा जुळत आलं आणि फिसकटलं. आता वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या आणि निवृत्त झालेली ताई, अशा दोघीच एका घरात राहत होत्या.

त्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "मार्गदर्शनाचा उपक्रम परत सुरू करायचाय. शेवटच्या वर्षाची मुलं आणि नुकतेच नोकरीला लागलेले, यांना आपले जुने अनुभवी लोक जोडून द्यायचे. मेंटॉर आणि मेंटी. निमंत्रण तुम्ही लिहा. अध्यक्षांना वार्षिक मेळाव्यात दोनशे जोड्या जाहीर करायच्यात."

"मेळाव्याला सात आठवडे आहेत, सर."

"म्हणून तर आज सांगतोय."

घरी ताईने विचारलं, चेहरा का पडलाय. बाईंनी सांगितलं. ताई म्हणाली, "मेंटी काय गं? मेंढीसारखं ऐकू येतं. पोरांना हाकायचंय का?"

बाई हसल्या, पण तेवढ्यापुरतंच. कारण हा उपक्रम तीन वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला होता.

तेव्हा मेळाव्यात व्यासपीठावरून आवाहन झालं, लोकांनी हात वर केले, एकशे साठ नावं आली. विद्यार्थ्यांचीही तेवढीच घेतली आणि आद्याक्षरांप्रमाणे जोड्या लावून टाकल्या. वेळेबद्दल निमंत्रणात दोनच शब्द होते, "जमेल तसं". ज्याला जसं जमलं तसं त्याने केलं, म्हणजे बहुतेकांनी काहीच केलं नाही. दोन महिन्यांत सगळं विरून गेलं आणि कोणी चौकशीही केली नाही.

एक मुलगी मात्र कार्यालयात आली होती. दुसऱ्या वर्षाची, यंत्र शाखेची. तिने आपल्या मार्गदर्शकाला चार ईमेल पाठवले होते आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाची प्रत कार्यालयाला. पहिल्यात स्वतःची ओळख. दुसऱ्यात, एका विषयात सारखी नापास होतेय, शाखा बदलू की नेट लावून बसू, हा प्रश्न. तिसऱ्यात आठवण. चौथ्यात, त्रास दिल्याबद्दल माफी. उत्तर एकालाही आलं नव्हतं. टेबलासमोर उभी राहून तिने विचारलं होतं, "मॅडम, मी काही चुकीचं लिहिलं होतं का?"

बाईंनी तिला पाणी दिलं, विभागप्रमुखांकडे पाठवलं, मार्गदर्शकाला दोनदा फोन केला. तो बैठकीत होता. पुढच्या सत्रात मुलीचं नाव हजेरीपटावर नव्हतं. ती एका मार्गदर्शकामुळे शिक्षण सोडून गेली असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. माणूस एका कारणाने जात नाही. पण ते चार ईमेल त्यांनी छापून, टाचणी लावून कपाटात ठेवले होते. तो मार्गदर्शक तेव्हा संघाचा उपाध्यक्ष होता, पंपांच्या कारखान्याचा मालक. आता तोच अध्यक्ष होता.

बाईंनी आठवडाभर मसुद्यावर घासाघीस केली. वर्कशॉपचे सर, म्हणजे कार्यशाळेचे अधीक्षक, त्यांचे जुने मित्र. त्यांना रोज दुपारी एकेक परिच्छेद वाचून दाखवला. मेंटी हा शब्द गेला. मार्गदर्शक आणि विद्यार्थी एवढंच राहिलं. शेवटी मसुदा असा झाला:

"आपल्याकडून सहा महिने हवे आहेत. महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास, प्रत्यक्ष किंवा फोनवर. सुरुवातीला एक तासाचं माहितीसत्र; ते सर्वांना सक्तीचं आहे. मधल्या निरोपांना चार दिवसांच्या आत उत्तर. हे निरोप धरून सगळं मिळून पंधराएक तास होतात. यंदा तेवढे देता येणार नसतील तर कृपया अर्ज भरू नका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू, आणि आपल्याबद्दल कोणाचंही मत बदलणार नाही."

विद्यार्थ्यांसाठी वेगळं पत्र होतं. भेटीची वेळ ठरवणं आणि काय विचारायचं ते लिहून आणणं ही त्यांची जबाबदारी. मार्गदर्शक नोकरी लावून देणार नाही, तशी मागणीही करायची नाही. आणि दोन्ही पत्रांच्या खाली, जोड्या कशा लागतील ते: अर्ज फक्त तिघांची समिती वाचेल. नातेवाईक, किंवा विद्यार्थ्याने जिथे नोकरीसाठी अर्ज केलाय त्या कंपनीतला माणूस, अशा जोड्या आधीच बाद. मग दोघांच्या मोकळ्या वेळा जुळतात का ते पाहायचं. मग विद्यार्थ्याला काय हवंय आणि मार्गदर्शकाला कशाचा अनुभव आहे ते. जोडी ठरली की दोघांना कळवायचं, आणि सात दिवसांत दोघांपैकी कोणीही ती नाकारू शकेल. कारण सांगावं लागणार नाही. ज्यांना जोडी मिळणार नाही त्यांनाही त्याच तारखेला तसं स्पष्ट कळवलं जाईल.

बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. अध्यक्षांनी मसुदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे निमंत्रण आहे की समन्स?"

वर्कशॉपच्या सरांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"तास मोजून कोणी प्रेम करतं का?" अध्यक्ष म्हणाले. "लोक आपल्या संस्थेवरच्या मायेपोटी येतात. पंधरा तास वाचले की निम्मे पळतील."

"मग ते आत्ताच पळालेले बरे," बाई म्हणाल्या. "मुलांच्या वाट्याला आल्यावर पळण्यापेक्षा."

"तुमचा अनुभव मोठा आहे, मी मान्य करतो. पण तुम्ही इथे शिकलेल्या नाहीत. आपल्या लोकांची भावना तुम्हाला नाही कळायची."

प्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कपाटातले ते चार कागद बाईंच्या डोळ्यांपुढे आले. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण असं चारचौघांत बोललं तर मुलीचं दुःख भांडणाचं हत्यार होईल, असं वाटून त्यांनी ते आवरले.

"भावना त्यांची असेल," त्या एवढंच म्हणाल्या. "वेळेचा हिशेब माझ्याकडे असतो. तो मी खोटा लिहिणार नाही. बदलायचा असेल तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीकडे पाहत होते.

"ठीक आहे. पाठवा. पण खाली सही तुमची," अध्यक्ष उठत म्हणाले. "आणि दोनशे झाले नाहीत, तर मेळाव्यात का झाले नाहीत तेही तुम्हीच सांगायचं."

निमंत्रण एक तारखेला गेलं. मुदत वीस तारखेची. पहिल्या चार दिवसांत विद्यार्थ्यांचे साठ अर्ज आले आणि मार्गदर्शकांचे पाच. बाई सकाळी आल्याबरोबर पिशवी खाली ठेवायच्या आत संगणक लावायच्या. नववा दिवस, मार्गदर्शक अकरा. एकाने लिहिलं होतं, "प्रामाणिकपणे सांगतो, यंदा जमणार नाही." बाईंनी त्याला आभाराचं पत्र पाठवलं, आणि पाठवताना आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय की काय, असं त्यांना वाटून गेलं. प्राचार्य जिन्यात भेटले की आकडा विचारायचे आणि ऐकून "हं" म्हणायचे. त्या "हं"ला रोज थोडी जास्त धार येत होती.

घरी जेवताना ताई म्हणाली, "घास तोंडात घालतेस की मोजतेस?"

"दोनशे कुठून आणू, ताई?"

"वॉर्डात चाळीस खाटा आणि तीन नर्सेस असायच्या. वरून कोणी कितीही ओरडलं तरी मी चौथी नर्स कागदावर दाखवली नाही. कागदावरची नर्स सलाइन लावत नाही."

बारा तारखेला बाईंनी सरळ फोन उचलला. ज्यांच्याबद्दल खात्री होती अशांना एकेक करून विचारलं. गळ घातली नाही, पंधरा तास आधी सांगितले, मग बाकीचं. काहींनी नाही म्हटलं. काहींनी विचारलं, "मला काय येतं शिकवायला?" त्यांना बाई म्हणाल्या, "शिकवायचं नाहीये. तुम्ही काय केलंत आणि कुठे आपटलात, तेवढं खरं सांगायचंय." वीस तारखेच्या संध्याकाळी बेचाळीस झाले. मुदत संपायला दहा मिनिटं असताना त्रेचाळिसावा अर्ज आला. तो अध्यक्षांचा होता. एक विद्यार्थी, मंगळवारी सकाळी सात वाजता. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: "उदाहरण घालून देण्यासाठी."

माहितीसत्राला ते आले, दहा मिनिटं उशिरा, आणि शेवटच्या रांगेत बसून फोन पाहत राहिले. पण आले.

त्रेचाळीस मार्गदर्शक, त्यांतले नऊ जण दोन विद्यार्थी घ्यायला तयार; म्हणजे बावन्न जागा. विद्यार्थी एकशे अठरा. बाई, वर्कशॉपचे सर आणि ग्रंथपाल अशी तिघांची समिती दोन दिवस ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसली. प्रत्येक अर्ज दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मग ताडून पाहायचं. संगणकाने वेळा जुळवून दिल्या, पण "घरी कोणाशी बोलता येत नाही" असं लिहिणाऱ्याला कोणासमोर बसवायचं, हे संगणकाला विचारून उपयोग नव्हता. एकोणपन्नास जोड्या लागल्या. तीन जागांना कोणीच नीट बसेना. सर म्हणाले, "ढकला कोणाला तरी, जागा कशाला फुकट घालवता?" ग्रंथपाल म्हणाली, "न बसणाऱ्या चपलेत पाय घालून किती चालणार?" जागा राखून ठेवल्या. एकोणसत्तर विद्यार्थ्यांना प्रतीक्षायादीचं पत्र गेलं. त्यांना वाट न पाहता विचारता येईल अशा विभागातल्या शिक्षकांची नावं पत्रासोबत जोडली होती.

अध्यक्षांना विद्युत शाखेची एक मुलगी दिली होती. तिला लहान कारखाना कसा उभा राहतो ते समजून घ्यायचं होतं. कागदावर जोडी चोख होती.

पाचव्या दिवशी तिने नाकारली.

ती स्वतः कार्यालयात आली. दार लोटून घेतलं. "कारण सांगावं लागत नाही ना, मॅडम?"

"नाही."

"तरी तुम्हाला सांगते. बाबा त्यांच्याच कारखान्यात जुळणी विभागात आहेत. मी काही चुकीचं बोलले तर... आणि बरोबर बोलले तरी. मला त्यांच्यापुढे मोकळं बोलता यायचं नाही. बाबांना कळू देऊ नका. त्यांना कोण आनंद झालाय."

अर्जात पालकांच्या नोकरीचा रकाना नव्हता. चूक आपली, असं म्हणून बाईंनी ते वहीत टिपून ठेवलं आणि अध्यक्षांना दोन ओळींचा निरोप पाठवला: ही जोडी पुढे जाणार नाही, दुसरी सुचवू.

तासाभरात जिन्यावर बूट वाजले.

अध्यक्ष खुर्चीवर बसले नाहीत. "मला नाकारलं?"

"जोडी नाकारली, साहेब."

"कारण?"

"कारण विचारायचं नाही असं ठरलंय. निमंत्रणात आहे."

"तुम्हाला माहीत आहे ना पण?"

बाईंनी समोरचे कागद सारखे केले. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं.

"अर्ज दाखवा तिचा. मी या संघाचा अध्यक्ष आहे."

फाइल टेबलावरच होती. बाईंनी तिच्यावर हात ठेवला. अर्जावर मुलीचं आडनाव होतं, घरचा पत्ता होता. जुळणी विभागातल्या माणसाशी ते जोडायला अध्यक्षांना पाच मिनिटं लागली नसती.

"अर्ज समितीतले तिघंच पाहतात. तुम्ही त्यात नाही."

"बाई, तुमची निवृत्ती तीन वर्षांवर आलीय. एवढं ताणू नका."

"ताणत नाही. धरून ठेवलंय."

ते पुढे झुकले. क्षणभर बाईंना वाटलं, आता हे फाइल ओढून घेणार. त्यांनी फाइल उचलून छातीशी धरली, कपाटाशी गेल्या, ती आत ठेवली आणि खालच्या कप्प्यातून दुसरे चार कागद काढले. मग बाहेर कोणी नाही याची जिन्याकडे पाहून खात्री केली आणि दार लावून घेतलं.

"मोठ्या माणसाने नाही उत्तर दिलं तर विद्यार्थ्याला कारण विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे तीन वर्षांपूर्वीचे आहेत. तुम्हालाच आलेले. प्रत माझ्याकडे होती."

अध्यक्षांनी उभ्यानेच पहिला वाचला. दुसरा वाचताना बसले. चौथा छोटा होता, पण त्यांनी त्याला सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

"मी हे पाहिलेच नाहीत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पाहिले असतील. आठवत नाही."

"मी दोनदा फोनही केला होता."

"कुठे आहे ती आता?"

"इथे नाही."

त्यांनी कागद टेबलावर नीट एकावर एक ठेवले. "बैठकीत का नाही दाखवलेत? त्या दिवशी तुमच्याबद्दल मी जे बोललो, त्यानंतर?"

"कागद तिचे आहेत. माझ्या भांडणासाठी नाहीत."

अध्यक्ष निघून गेले. जिन्यावर बूट या वेळी हळू वाजले. बाई खाली बसल्या. पेलाभर पाणी प्यायल्या आणि नोकरी गेली असं धरूनच त्यांनी उरलेली पत्रं पूर्ण केली. घरी ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "माझं पेन्शन दोघींना पुरतं. झोप आता." पण झोप काही आली नाही.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: "दुसरा कोणी जुळत असेल तर द्या. नसेल तर मला यादीत ठेवा, मी थांबतो." दोनच ओळी होत्या. बाईंनी त्या तीनदा वाचल्या, टोमणा कुठे आहे ते शोधत. सापडला नाही.

समिती पुन्हा बसली. विद्युत शाखेच्या मुलीला राखून ठेवलेल्यांपैकी एक जागा जमली, परदेशातल्या एका अभियंता बाईंकडे, रविवार सकाळ. अध्यक्षांना प्रतीक्षायादीतला एक नुकताच नोकरीला लागलेला तरुण मिळाला. त्याचा पहिलाच प्रश्न होता की साहेबाने पाठवलेला आराखडा चुकीचा आहे हे साहेबाला कसं सांगायचं. या वेळी सात दिवसांत कोणी नाकारलं नाही.

मेळाव्यात आकडा जाहीर झाला: पन्नास. कोणीतरी मागून विचारलं, "बस, एवढेच?" बाई व्यासपीठावर जायला उठल्या, पण माइक अध्यक्षांच्या हातात होता. ते म्हणाले, "दोनशे मी मागितले होते. पन्नास खरे आहेत. अडुसष्ट मुलं अजून थांबलीत आणि त्यांच्यासाठी माणसं कमी पडतायत. महिन्यातून दोनदा, पाऊण तास. नसेल जमत तर हात वर करू नका." सात हात वर झाले. माफी त्यांनी बाईंची कधी मागितली नाही, त्या दिवशीही नाही.

फक्त एकदा, दोन महिन्यांनी, त्यांनी चार ईमेल लिहिणाऱ्या त्या मुलीचा पत्ता मागितला. बाई म्हणाल्या, आधी तिला विचारते. तिचा जुना नंबर लागला. ती एका आराखडे काढणाऱ्या कार्यालयात कामाला होती, बरी होती. तिने आठ दिवस विचार करून कळवलं: "नको, मॅडम. पण विचारलंत ते बरं केलंत." बाईंनी अध्यक्षांना तेवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

सहा महिन्यांत पन्नासांतल्या सहा जोड्या मोडल्या. दोन मार्गदर्शकांची बदली झाली, एक आजारी पडला, तीन विद्यार्थी भेटीच फिरवू लागले आणि शेवटी स्वतःहून सुटले. अध्यक्षांचा एक मंगळवार चुकला. त्याचा निरोप तरुणाला आदल्या दिवशी गेला होता, आणि बदली वेळही. बाकीच्या चव्वेचाळीस जोड्यांची शेवटची प्रश्नपत्रकं बाईंनी स्वतः गोळा केली. कोणी लिहिलं होतं, पाऊण तास कमी पडतो. कोणी लिहिलं होतं, जास्त होतो. एकाने फक्त "फोन यायचा" एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या फेरीच्या अर्जात बाईंनी एक नवा रकाना टाकला: "घरचं कोणी जिथे काम करतं, त्या ठिकाणचा मार्गदर्शक चालेल का?" तो टंकून होत होता तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे प्रतीक्षायादीतला कोणीतरी होता, यंदा अर्ज कधीपासून घेणार ते विचारत.

"एक तारखेपासून," बाई म्हणाल्या. "आणि लिहून घ्या, काय विचारायचंय ते आधी नक्की करून ठेवा."